शुक्रवारचं विमान, गुरुवारची रात्र

खेड, चिपळूण, महाड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या मुसलमान घरांत उमऱ्याला जाणारी पिढी आता साठी-सत्तरीची आहे. ही माणसं मराठी शाळेत शिकली. घरात कोकणी बोलतात, पेपर मराठी वाचतात, कुरआन अरबीतून पढतात. त्यांची मुलं-पुतणे जेद्दा, रियाध, दम्मामला नोकरीला आहेत. तिकडचा पुतण्या तिकडच्याच संकेतस्थळावरून विमान आणि हॉटेल बुक करतो, तिकडच्याच कार्डाने पैसे भरतो आणि आलेला कागद जसाच्या तसा व्हॉट्सअ‍ॅपवर इकडे पाठवतो. कागद अरबीत असतो. चाचा तो हातात धरतात, एकेक अक्षर लावून वाचतातही, पण पढलेल्याचा अर्थ लागत नाही. असे कागद मराठीत उतरवून देण्याचं काम मी करते.

कागद फार तर दोन-तीन पानांचा असतो आणि शब्दही मोजकेच असतात: प्रवाशाचं नाव, बुकिंग क्रमांक, येण्याची तारीख, जाण्याची तारीख, रात्रींची संख्या, खोलीचा प्रकार, विमान क्रमांक, निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ. या शब्दांचं मराठी कुणालाही करता येईल. तरीही एवढ्याशा कागदावरून माणसं चुकतात, आणि चुकतात ती बहुतेक वेळा एकाच जागी. कुठल्या रात्री घरून निघायचं, हे त्यांना कागदावरून नीट कळत नाही. म्हणून या लेखात मी मुख्यतः त्या रात्रीबद्दलच लिहिणार आहे.

समजा, विमान मुंबईहून शुक्रवार ६ फेब्रुवारी २०२६ रोजी निघतंय. अरबी कागदावर वेळ १२:३५ अशी आहे आणि पुढे ‘साद’ हे एकच अक्षर आहे. साद म्हणजे सबाह, सकाळ. अरबी कागदावर दिवसाचे दोनच भाग असतात. मध्यरात्र ते दुपार ‘साद’, दुपार ते मध्यरात्र ‘मीम’. या सादचं शब्दशः मराठी केलं तर ‘सकाळी १२:३५’ होतं. मराठी माणूस सकाळी साडेबारा कधीच म्हणत नाही. त्यामुळे हा मजकूर ज्याच्या हाती पडतो तो मनातल्या मनात त्याची दुपार करतो. वाचणारा थोडा जाणकार असेल तर ‘रात्री १२:३५’ असं दुरुस्त करतो. पण तेही पुरत नाही, कारण आता कागदावर ‘शुक्रवार, ६ फेब्रुवारी, रात्री १२:३५’ असं होतं आणि चाचा शुक्रवारी जुम्याची नमाज गावात पढून, जेवून, दुपारी मुंबईची गाडी धरायचं ठरवतात. तोवर विमान जाऊन बारा तास झालेले असतात.

यात चाचांची चूक नाही. दिवस कुठे सुरू होतो, याचे तीन हिशेब त्यांच्या डोक्यात एकाच वेळी चाललेले असतात. विमान कंपनीचा दिवस मध्यरात्री बदलतो. गावातल्या बोलण्यातला वार सूर्य उगवल्यावर बदलतो, म्हणून तर रात्री साडेबाराला झालेल्या गोष्टीलाही आपण ‘काल रात्री’ म्हणतो आणि तिला कालचाच वार लावतो. हिजरी तारीख सूर्य मावळला की बदलते, म्हणून ‘जुम्याची रात’ म्हणजे त्यांच्या लेखी गुरुवारच्या मगरीबनंतरची रात्र. आता गंमत नव्हे, खरी अडचण अशी की ‘शुक्रवारची रात्र’ हे शब्द त्या घरात दोन माणसं दोन अर्थांनी घेऊ शकतात. चाचांना हिजरी हिशेबाने ती गुरुवारची रात्र वाटेल आणि त्यांचा बरोबर अर्थ लागेल. रिक्षावाल्याशी बोलणारा त्यांचा नातू तीच शुक्रवारची रात्र समजेल आणि रिक्षा एक दिवस उशिरा सांगेल.

म्हणून मराठी कागदावर ‘शुक्रवारची रात्र’ हे शब्द मी लिहीतच नाही. विमान सुटण्याची वेळही पहिल्या ओळीत नसते. पहिल्या ओळीत घरातून निघण्याची वेळ असते आणि तिच्याखाली एकेक पायरी.

गुरुवार, ५ फेब्रुवारी: सकाळी फजरनंतर गावातून निघायचं.
गुरुवार, ५ फेब्रुवारी: संध्याकाळी मुंबईत. जेवण, आंघोळ.
गुरुवार, ५ फेब्रुवारी: रात्री ९ वाजता विमानतळाच्या दारात.
याच रात्री, १२ वाजून गेल्यावर ३५ मिनिटांनी विमान सुटेल. तिकिटावर ६ तारीख आणि शुक्रवार असं छापलेलं आहे, ते बरोबर आहे.

ही शेवटची ओळ फार कामाची आहे. अनुवादात नुसतं ‘गुरुवारी रात्री’ लिहून थांबलं की मूळ तिकिटावरची ६ तारीख पाहून कुणीतरी शहाणा माणूस वाटेत सांगतो, ‘चाचा, तुम्ही एक दिवस आधी आलात.’ विमानतळाच्या दारावरचा जवान तिकिटावरची तारीख पाहतो, मराठी कागद पाहत नाही. त्यामुळे दोन कागदांतला फरक का आहे, हे कागदावरच लिहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर वयस्कर माणसाचा आपल्याच कागदावरचा विश्वास उडतो.

तारखेची दुसरी भानगड लिहिण्याच्या दिशेची आहे. अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात, पण त्यातला प्रत्येक आकडा मात्र आपल्यासारखाच डावीकडून उजवीकडे लिहिलेला असतो. २०२६ हे २०२६ असंच दिसतं. पण दिवस, महिना, वर्ष हा क्रम उजवीकडून सुरू होतो, म्हणजे दिवस उजव्या टोकाला आणि वर्ष डाव्या टोकाला. आपल्या डोळ्यांना ते २०२६/२/६ असं दिसतं. इथवर ठीक आहे. घोळ होतो तो हा मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी चिकटवताना. एका फोनवर ६/२ दिसलेली तारीख दुसऱ्या फोनवर २/६ होऊन बसते, आणि सहा फेब्रुवारीची दोन जून होते. नुसत्या आकड्यांकडे पाहून यातलं खरं कुठलं ते ओळखता येत नाही. ओळखायची खूण म्हणजे वार. चांगल्या अरबी कागदावर तारखेशेजारी वाराचं नाव असतंच, आणि ते वाचायला सोपं असतं, कारण अरबीत रविवार म्हणजे पहिला, सोमवार दुसरा, असं गुरुवार पाचवा येईपर्यंत मोजत जातात. मग जुमा आणि मग सब्त, म्हणजे शनिवार. ६ फेब्रुवारी २०२६ हा शुक्रवार होता आणि २ जून २०२६ ला मंगळवार येतो. कागदावर जुमा असेल तर तारीख फेब्रुवारीचीच. माझा नियम असा की प्रत्येक तारीख कॅलेंडरवर वार लावून तपासायची, आणि मराठी कागदावर महिना आकड्यात न लिहिता नावाने लिहायचा.

याच दिशेमुळे प्रवासाचे टप्पेही उलटे दिसतात. अरबी तक्त्यात जाण्याचं विमान उजव्या रकान्यात असतं आणि परतीचं डाव्या. दोन शहरांमध्ये बाण असतो तोही डावीकडे तोंड करून. आपण डावीकडून वाचायला लागलो की आधी परतीचा प्रवास येतो, आणि बाणाकडे नीट लक्ष दिलं नाही तर मुंबई-जेद्दाचं जेद्दा-मुंबई होतं. शहरांच्या नावांआधी दोन छोटे शब्द असतात, ‘मिन’ म्हणजे पासून आणि ‘इला’ म्हणजे पर्यंत. बाणापेक्षा या दोन शब्दांवर भरवसा ठेवावा. विमानतळांचे इंग्रजी तीन अक्षरी संकेत मात्र कुठल्याही भाषेत बदलत नाहीत: मुंबई BOM, जेद्दा JED, मदिना MED. ते मी मराठी कागदावरही तसेच ठेवते, कारण सामानाच्या चिठ्ठीवर तेच छापून येतात आणि बॅग कुठे चालली आहे ते चाचांना स्वतःला पाहता येतं.

आकड्यांबद्दल एक गोष्ट लोकांना आश्चर्याची वाटते. कुरआन पढणाऱ्या माणसाला अरबी आकडे येत असणार असं आपण धरून चालतो. पण आपल्याकडे छापलेल्या कुरआनात आयतींचे आकडे बहुधा उर्दू वळणाचे असतात, आणि उर्दूतला चार, पाच, सहा हे सौदीतल्या कागदावरच्या आकड्यांहून वेगळे दिसतात. सौदी कागदावरचा पाच हा साधा गोल असतो, थेट आपल्या शून्यासारखा. त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब. सहा हा इंग्रजी सातासारखा दिसतो आणि नऊ मराठी एकाच्या अगदी जवळ जातो. बुकिंग क्रमांकात दोन पाच असले आणि कुणी ते शून्य समजून वहीत उतरवले, तर हॉटेलच्या काउंटरवर ते बुकिंग सापडतच नाही. म्हणून क्रमांक मी कधी डोळ्यांनी पाहून उतरवत नाही. पुतण्याला आलेल्या मेसेजमध्ये तोच क्रमांक बहुतेक वेळा इंग्रजी आकड्यांत असतो, तो मागवून घेते आणि दोन्ही जुळवून पाहते. तो तसाच, इंग्रजी आकड्यांत, मोठ्या अक्षरात मराठी कागदावर छापते. देवनागरी आकडे फक्त चाचांनी वाचायच्या गोष्टींसाठी, म्हणजे वेळा आणि तारखांसाठी.

नावाचंही तसंच. अरबीत ‘प’ नाही आणि ‘च’ही नाही. पारकर हे आडनाव तिथे बारकार होऊन येतं. अरबीवरून मराठी करायला गेलं तर माणसाचं नावच बदलतं. त्यामुळे नाव अरबीवरून घ्यायचंच नाही, पासपोर्टवरचं घ्यायचं, आणि कागदावर त्याचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टबरहुकूम आहे ना, एवढं तपासायचं.

आता हॉटेलचा कागद. तो स्वतंत्र वाचला तर त्यात काहीच अडचण दिसत नाही. मक्केच्या हॉटेलात येण्याची तारीख ६ फेब्रुवारी, जाण्याची १३ फेब्रुवारी, सात रात्री. विमान ६ तारखेला, हॉटेल ६ तारखेपासून. पुतण्याने तारखा अगदी जुळवून घेतल्यात असं वाटतं. पण दोन्ही कागद शेजारी ठेवून तास मोजले की चित्र बदलतं.

मुंबईहून रात्री १२:३५ ला सुटलेलं विमान सव्वापाच तास उडतं. आपल्या घड्याळात तेव्हा ५:५० झालेले असतात. सौदी आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, म्हणून तिकिटावर पोचण्याची वेळ पहाटे ३:२० अशी आहे. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात, आणि चाची हमखास विचारतात की विमान पावणेतीन तासांत पोचतं का. जेद्दाला पासपोर्टवर शिक्का, सामान आणि मग मक्केपर्यंतचा साधारण ऐंशी किलोमीटरचा रस्ता. फजर वाटेत किंवा विमानतळावरच होते. सगळं सुरळीत झालं तर सकाळी साडेसहा-सातला ती दोघं हॉटेलच्या दारात असतात. हॉटेलच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत खोली देण्याची वेळ लिहिलेली आहे: चार, मीम. म्हणजे दुपारी चार, असरच्या सुमारास.

सकाळी सात ते दुपारी चार, नऊ तास. रात्रभर झोप नाही. अंगावर इहराम आहे, कारण जेद्दाला जाणारं विमान उतरण्याआधीच मीकात ओलांडतं आणि त्याआधी इहराम बांधून नियत करावी लागते. इहरामात माणसाला अत्तर नाही, सुगंधी साबण नाही. पुरुषांना शिवलेला कपडा नाही. आणि दिवस जुम्याचा. नमाजाच्या आधी हरमच्या आसपासचे रस्ते गाड्यांना बंद होत जातात आणि पायी माणसांचा लोंढा वाढत जातो. खोली नसली की दोनच गोष्टी उरतात. एक तर लॉबीतल्या खुर्चीवर बसून राहायचं, नाहीतर तशाच अवस्थेत काबागृहाभोवती सात फेरे आणि सफा-मरवामधल्या सात खेपा करायच्या. या खेपाच मिळून तीन किलोमीटरच्या आसपास होतात. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या माणसाला झोप झाल्यावर, रात्री इशानंतर, हे जमतं. न झोपता, जुम्याच्या गर्दीत, भर उन्हात जमत नाही.

ही गोष्ट एकट्या विमानाच्या कागदावर नाही आणि एकट्या हॉटेलच्या कागदावरही नाही. दोन्ही एकाच वेळापत्रकात उतरवले तरच दिसते. म्हणून मी दोन वेगळे अनुवाद देत नाही. एकच कागद, तासांच्या क्रमाने.

यावर तोडगा दोन प्रकारचा निघतो. हॉटेलला आधी कळवून सकाळी खोली मिळेल का ते विचारायचं. पण हॉटेल बहुधा ‘खोली रिकामी असेल तर’ एवढंच सांगतं, आणि शुक्रवारी सकाळी हरमजवळ रिकामी खोली मिळणं कठीण. दुसरा खात्रीचा उपाय म्हणजे आदल्या रात्रीपासून, ५ फेब्रुवारीपासून बुकिंग करायचं. एक रात्र जास्तीची, आठ रात्रींचे पैसे. चाचांच्या बाबतीत पुतण्याने हेच केलं. फोनवर तो आधी म्हणाला, ‘पण ताई, त्या रात्री तर ते मुंबईत असणार. न राहता पैसे कशाला?’ विमान पहाटे उतरतंय आणि खोली असरला मिळणार, हे त्याला शेजारी ठेवून दाखवल्यावर त्याने लगेच बदल करून घेतला.

पण आदल्या रात्रीच्या बुकिंगमुळे दोन नवीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ५ तारखेच्या रात्री पाहुणा आला नाही की हॉटेल त्याला ‘आलाच नाही’ म्हणून काढून टाकू शकतं, आणि मग सकाळी पोचल्यावर खोली दुसऱ्याला गेलेली असते. म्हणून पुतण्याने हॉटेलला लेखी कळवलं पाहिजे की पाहुणे ६ तारखेला सकाळी सातच्या सुमारास पोचतील, आणि तो निरोप बुकिंगच्या कागदावर शेऱ्यात दिसला पाहिजे. अरबी कागदात ‘मुलाहज़ात’ असा रकाना असतो, तो मी मुद्दाम पाहते. तो रिकामा असला तर काम अर्धंच झालं आहे असं समजते. दुसरी गोष्ट चाचांच्या मनाची. हॉटेलच्या कागदावर येण्याची तारीख ५ आणि त्या रात्री आपण अजून मुंबईत, हे पाहून माणूस घाबरतो. मराठी कागदावर त्याजागी लिहिलं: ‘खोली ५ तारखेपासून तुमच्या नावावर आहे. तुम्ही ६ तारखेला सकाळी पोचणार हे हॉटेलला माहीत आहे.’

खोलीच्या प्रकाराबाबत एवढंच सांगते की ‘मुज़दविजा’ म्हणजे दोघांची खोली, पण तिच्यात बहुधा एकच मोठी गादी असते. वेगळ्या दोन खाटा हव्या असतील तर कागदावर ‘सरीरान’, दोन खाटा, असं स्पष्ट असावं लागतं. रात्री तीनदा उठावं लागणाऱ्या माणसाला वेगळी खाट लागते. आणि ‘इफ़्तार’ असा शब्द दिसला की चाचांना रोजा सोडणं आठवतं. हॉटेलच्या कागदावर त्याचा अर्थ सकाळची न्याहारी. रमजानात मात्र हॉटेलं खरोखरच संध्याकाळचा इफ्तार आणि सहरी देतात, त्यामुळे तारखा रमजानच्या असतील तर कोणतं जेवण कोणत्या वेळी ते हॉटेललाच विचारून घ्यावं.

‘हरमपासून ९०० मीटर’ या ओळीबद्दल थोडं थांबायला हवं. हे अंतर बहुधा नकाशावर सरळ रेषेत मोजलेलं असतं आणि हरमच्या अंगणाच्या कडेपर्यंत असतं. काबागृहापर्यंत नव्हे. मक्का डोंगरांत वसलेली आहे, त्यामुळे अजयादसारख्या भागात ९०० मीटरमध्ये चांगला चढ लागू शकतो. हॉटेल कोणत्या दाराच्या बाजूला आहे ते पाहून मी त्या दाराचं नाव आणि क्रमांक लिहिते. राजा अब्दुलअज़ीझ दार म्हणजे क्रमांक १, राजा फहद दार ७९. दारांवर क्रमांक मोठे लिहिलेले असतात. गर्दीत चुकामूक झाली तर ‘७९ नंबरच्या बाहेर’ हे सांगता येतं, हॉटेलचं लांबलचक नाव सांगता येत नाही.

हॉटेलचा पत्ता मी मराठीत करत नाही. करून उपयोग नाही, कारण तो चाचांना वाचायचा नसतो, टॅक्सीवाल्याला दाखवायचा असतो. तो अरबीतच, मूळ कागदावरून, तळहाताएवढ्या कार्डावर मोठ्या अक्षरांत छापायचा आणि खाली मराठीत फक्त ‘मक्का हॉटेल, टॅक्सीवाल्याला दाखवा’ एवढं लिहायचं. सौदीच्या राष्ट्रीय पत्त्यात इमारतीला चार आकडी क्रमांक असतो, आणि तो कार्डावर पाहून माणसं तोच खोलीचा नंबर समजतात. म्हणून कार्डावर खोलीसाठी एक रिकामी चौकट ठेवते. किल्ली मिळाल्यावर नंबर तिथे पेनाने लिहून घ्यायचा. मदिनेच्या हॉटेलचं कार्ड वेगळ्या रंगाचं. एकाच रंगाची दोन कार्डं दिली की मदिनेत उतरल्यावर मक्केचं कार्ड दाखवलं जातं.

१३ फेब्रुवारीलाही शुक्रवारच होता. मक्केच्या हॉटेलात खोली सोडण्याची वेळ दुपारी बारा, आणि फेब्रुवारीत मक्केला जुम्याची नमाज साधारण साडेबाराला. कागदावर बारा वाजता खोली सोडा एवढंच लिहिलं तर चाचा अकराला हरममध्ये जाऊन बसलेले असतील आणि सामान खोलीत. मराठी कागदावर त्या दिवशी लिहिलं होतं की न्याहारी झाल्यावर किल्ली द्या, बॅगा हॉटेलातच ठेवा, पावती घ्या, जुमा पढून परत या. मदिनेला जलदगती रेल्वेने सुमारे अडीच तास लागतात आणि मदिनेच्या हॉटेलात खोली असरच्या सुमारासच मिळणार होती, त्यामुळे घाई नव्हती. वेळा अशा नमाजाला बांधून दिल्या की घड्याळ पाहायची गरज कमी पडते. अडीच तासांच्या फरकामुळे हातातलं घड्याळ लावायचं की नाही यावरून पहिले दोन दिवस घरोघरी गोंधळ असतो. अजान मात्र तिथल्याच वेळेला होते.

परतीचं विमान मदिनेहून मंगळवार १७ फेब्रुवारीला १०:४५ मीम, म्हणजे रात्री पावणेअकराला. इथे तारखेचा घोळ नाही, कारण मध्यरात्रीच्या आधीच विमान सुटतं. पण या कागदावर ‘मीम’ दोन ठिकाणी येतं आणि दोन्हीकडे अर्थ वेगळा. वेळेपुढचा मीम म्हणजे संध्याकाळ-रात्र. तारखेपुढचा मीम म्हणजे मीलादी, इंग्रजी तारीख. हिजरी तारखेपुढे ‘हे’ असतो. तिकिटावर ओळीने तारीख, मीम, वेळ, मीम असं येतं, आणि नवशिका अनुवादक दोन्हीला एकच अर्थ लावून वेळ सोडून देतो.

खोली दुपारी बाराला सोडायची आणि विमान रात्री पावणेअकराला. पुन्हा जवळपास अकरा तासांचं अंतर. त्यातले सहाएक मस्जिदे-नबवीत जातात, म्हणून ते जड जात नाही. सामान हॉटेलात, मगरीब पढून निघायचं, पावणेआठपर्यंत विमानतळावर. त्या कागदावर एक ओळ मी ठळक केली होती: जमजमचं पाणी हातातल्या पिशवीत चालत नाही, ते विमानतळावर वेगळं द्यावं लागतं, त्याचे नियम कंपनीला आधी विचारून घ्या.

याच मंगळवारी संध्याकाळी सौदीत रमजानचा चांद दिसला. तिथे पहिला रोजा बुधवार १८ फेब्रुवारीला. विमान बुधवारी सकाळी सव्वासहाच्या सुमारास मुंबईत उतरलं, आणि भारतात पहिला रोजा गुरुवार १९ फेब्रुवारीला होता. हिजरी तारखा दोन्हीकडे एक दिवसाने वेगळ्या चालल्या होत्या, आणि हे फक्त रमजानपुरतं नव्हतं. ६ फेब्रुवारी ही सौदीच्या कागदावर १८ शाबान १४४७ होती, आपल्याकडे १७. हिजरी तारखेवरून आपल्याकडच्या दिनदर्शिकेत इंग्रजी तारीख शोधायला गेलं की म्हणूनच एका दिवसाने चूक होते. अरबी कागदावर दोन्ही तारखा असतील तर मीमवालीच धरायची.

उतरल्यावर बुधवारचा रोजा ठेवायचा का, असं चाचांनी निघण्याआधीच विचारलं होतं. तो निर्णय त्यांच्या मशिदीतल्या मौलानांचा. मराठी कागदाच्या शेवटच्या ओळीत मी दोन्ही देशांतला चांद कोणत्या संध्याकाळी पाहतील तेवढं लिहिलं, आणि विमानात रात्री किती वाजता जेवण मिळतं ते कंपनीला विचारून त्याखाली जोडलं, म्हणजे रोजा ठेवायचा ठरलाच तर सहरीची सोय आधीच माहीत असेल.